‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारू नये

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यात सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला सांगितलं की पंचवीस वर्षांचा आढावा खजिनदार घेतील, आठवणी काका-काकू सांगतील. तुम्ही मात्र सचिवाच्या कामातली एखादी उपयोगाची गोष्ट सांगा. म्हणून मी एका ई-मेलबद्दल बोलणार आहे. हसू नका! गेल्या एप्रिलमध्ये गच्चीच्या गळतीसाठी आपण बैठक घेतली, त्या बैठकीची वेळ ठरवण्यासाठी पाठवलेलं हे पत्र. चोवीस घरांच्या माणसांना एका वेळी एकत्र आणणं हे सोसायटीतलं अवघड काम आहे. पुढे जो कोणी सचिव होईल त्याला हे उपयोगी पडावं, म्हणून जरा तपशिलात जातो.

आपल्या चोवीस सदनिकांपैकी नऊ घरांचे मालक आज धाराशिवात राहत नाहीत. पाच पुण्यात, दोन मुंबईत, एक दुबईत आणि एक अमेरिकेत न्यू जर्सीला. जे इथे आहेत त्यांच्यात कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी दुकानावर, तर कुणी रोज सोलापूरला जा-ये करणारं. अशा सगळ्यांना आपण साधारण कसं विचारतो? ‘गच्चीच्या कामाबाबत बैठक घ्यायची आहे. आपणास कधी जमेल ते कळवावे.’ वाक्य किती नम्र आहे! पण ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर केवढं काम टाकतं ते बघा. त्याने आपली डायरी उघडायची, महिनाभराचे दिवस डोळ्यांखालून घालायचे, बायकोला विचारायचं, दुसऱ्यांचं काय चाललंय याचा अंदाज घ्यायचा आणि मग स्वतः एक दिवस सुचवायचा. तो सुचवलेला दिवस बाकीच्यांना जमेल की नाही हे त्याला ठाऊक नाही. म्हणून तो म्हणतो, आधी चार जणांचं येऊ दे, मग मी सांगतो. प्रत्येक जण हेच म्हणतो. पत्र तसंच खाली खाली सरकत जातं.

आणि जी उत्तरं येतात ती एकमेकांत बसत नाहीत. एक म्हणतो ‘सुट्टीच्या दिवशी’, दुसरा म्हणतो ‘वीस तारखेनंतर कधीही’, तिसरा म्हणतो ‘संध्याकाळी सहानंतर’, चौथा म्हणतो ‘माझी काही हरकत नाही’. ही चार उत्तरं जुळवून सचिवाला एक वेळ काढायची असते. ती निघत नाही, मग पुन्हा पत्र. दुसऱ्या पत्राला पहिल्यापेक्षा कमी उत्तरं येतात, कारण माणसाला वाटतं, मी तर एकदा कळवलंय!

यावर उपाय साधा आहे. प्रश्न मोकळा ठेवायचा नाही. दोन-तीन वेळा आपणच ठरवायच्या आणि विचारायचं, यातल्या कोणत्या जमतील? वाचणाऱ्याला मग महिना तपासावा लागत नाही, तीन ठिकाणं तपासावी लागतात. ते काम एसटी स्टँडवर उभं राहूनही होतं. खरं कौशल्य आहे ते या तीन वेळा कोणत्या द्यायच्या यात. तिथे घाई केली तर पत्र कितीही छान लिहा, उपयोग होत नाही.

आपलंच उदाहरण घेऊ. वरच्या मजल्यावरच्या चार घरांत छताचा गिलावा सुटत होता. एका घरात तर आजींची कॉट भिंतीकडून ओढून खोलीच्या मध्यावर आणलेली होती. जुना कोबा काढायचा, भेगा भरायच्या, नवा कोबा घालायचा आणि पाणी भरून तपासायचं, याला ठेकेदाराने तीन आठवडे अधिक एक आठवडा असे चार आठवडे कोरडे मागितले. मृग निघतो सात जूनच्या सुमाराला. त्याआधी थोडी सवड हवी, म्हणजे काम एप्रिल संपायच्या आत सुरू व्हायला हवं. खर्चाला मंजुरी विशेष सर्वसाधारण सभेची लागणार, आणि तिच्या सूचनेला पाच पूर्ण दिवस द्यावे लागतात. पूर्ण दिवस म्हणजे सूचना दिली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून. रविवार २७ एप्रिलला सभा धरली तर सूचना उशिरात उशिरा सोमवार २१ तारखेला निघायला हवी. म्हणजे अभियंता, ठेकेदार आणि सभासद यांनी एकत्र बसून काय करायचं ते ठरवण्याची बैठक २० तारखेच्या आत व्हायलाच हवी. असं उलटं मोजत आलं की कळतं, आपल्याकडे अख्खा महिना नाही. मोजून चार दिवस आहेत, १७ ते २० एप्रिल.

इथे एक फरक लक्षात ठेवा. सर्वसाधारण सभा असते तिची तारीख कार्यकारिणी ठरवते आणि रीतसर सूचना काढते. वार्षिक सभेला तर चौदा पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे ‘कोणता दिवस चालेल’ असं मत घेत बसायचं नसतं. मी ज्या पत्राबद्दल बोलतोय ते त्याच्या आधीच्या, विचारविनिमयाच्या बैठकीसाठी. ते पत्र म्हणजे सभेची सूचना नव्हे.

आता चार दिवस हाती आहेत. पहिलं काम ई-मेल लिहिण्याचं नाही, फोन करण्याचं. चोवीस जणांना एकाच वेळी मोकळं करणं गणितातच बसत नाही. समजा एखाद्या वेळी प्रत्येक माणूस मोकळा असण्याची शक्यता निम्मी आहे. दोघं एकत्र मोकळे असण्याची शक्यता चारात एक, तिघं आठात एक. असं दुप्पट करत गेलं की दहा माणसं एकाच वेळी मोकळी असण्याची शक्यता एक हजार चोवीसात एक येते! म्हणून सगळ्यांना जमेल असा दिवस शोधायचाच नाही. ज्यांच्यावाचून बैठक होणारच नाही अशी माणसं किती, हे आधी मोजायचं. आपल्या बैठकीत ती चार होती. सोलापूरहून येणारे अभियंता, अध्यक्ष, खजिनदार आणि वरच्या मजल्यावरच्या घरांतर्फे एक जण. या चौघांना फोन केला, चौघांनाही जमतील अशा तीन वेळा काढल्या आणि अभियंत्यांना सांगितलं की साहेब, शनिवार सकाळपर्यंत या तिन्ही वेळा आमच्यासाठी राखून ठेवा, त्यानंतर दोन मोकळ्या करतो. मगच पत्र लिहायला बसलो. हे उलट केलं, म्हणजे आधी सगळ्यांकडून एक वेळ ठरवली आणि मग अभियंता म्हणाले मला जमत नाही, तर सगळा खेळ पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट, या तीन वेळा एकाच जातीच्या असू नयेत. तीन लागोपाठ रविवार सकाळ दिल्या, तर ज्याचं दुकान रविवारी चालतं तो तिन्ही वेळा बाद. एकच अडचण तिन्ही पर्याय खाऊन टाकते. म्हणून एक कामाच्या दिवसाची रात्र, एक शनिवारची संध्याकाळ, एक रविवारची सकाळ असं ठेवलं. गुरुवार १७ एप्रिल रात्री साडेआठ. शनिवार १९ एप्रिल संध्याकाळी साडेपाच. रविवार २० एप्रिल सकाळी साडेदहा. शुक्रवार १८ ला गुड फ्रायडेची सुट्टी होती. शुक्रवार-शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की पुण्याची मंडळी गावाकडे येतात, हा आपला फायदा. त्या तीन दिवसांत आपल्या नळाला पाणी सुटायची पाळी कधी आहे हेही पाहून घेतलं. पाणी यायच्या वेळेला बैठक ठेवली तर आपल्याकडे कोण येणार? पंचांगात लग्नतिथी पाहायला विसरू नका, एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. तिथी दाट असेल तर दुपारची आणि संध्याकाळची वेळ देऊच नये.

तीनच का, पाच-सहा का नाहीत? पाच-सहा वेळा दिल्या की वाचणारा पुन्हा डायरी उघडून बसतो, म्हणजे पहिल्या प्रश्नाची अडचण मागच्या दाराने परत येते. शिवाय अभियंत्यांना सहा वेळा राखून ठेवा म्हणता येत नाही. दोनच दिल्या तर बाद होणारी माणसं जास्त. चोवीस घरांना तीन पुरतात असा माझा अनुभव आहे.

आता पत्र. ते जसंच्या तसं वाचून दाखवतो.

विषय: गच्ची गळती बैठक: ३ पैकी जमणाऱ्या वेळा शुक्र. ११ एप्रिल रात्री ९ पर्यंत कळवा

स.न.वि.वि.
गच्चीच्या दुरुस्तीबाबत अभियंत्यांसह दीड तासाची बैठक घ्यायची आहे. खालीलपैकी ज्या ज्या वेळा आपणास जमतील ते सर्व आकडे उत्तरात लिहावेत. उदा. ‘१, ३’. एकही जमत नसल्यास ‘०’ लिहावे.

१) गुरुवार, १७ एप्रिल, रात्री ८.३० ते १०
२) शनिवार, १९ एप्रिल, संध्याकाळी ५.३० ते ७
३) रविवार, २० एप्रिल, सकाळी १०.३० ते १२

वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार. दुबईत अनुक्रमे संध्या. ७, दुपारी ४, सकाळी ९. न्यू जर्सीत अनुक्रमे गुरु. सकाळी ११, शनि. सकाळी ८, शनि. मध्यरात्रीनंतर १.

स्थळ: सोसायटीचे सभागृह. बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉलने सहभागी होता येईल.

उत्तर शुक्रवार ११ एप्रिल रात्री ९ पर्यंत यावे. ज्या वेळी जास्तीत जास्त सभासदांना जमेल ती वेळ शनिवारी १२ तारखेला सकाळी पक्की करून कळवू. उत्तर न आल्यास ठरेल ती वेळ आपणास चालते असे समजू. या बैठकीत खर्चावर मतदान होणार नाही. ते विशेष सभेत होईल.

सचिव

एवढंच पत्र. यातल्या तीन-चार जागा समजावून सांगतो.

पहिली, विषयाची ओळ. मोबाईलवर पत्र उघडण्याआधी माणसाला विषय आणि मजकुराची पहिली ओळ दिसते. ‘बैठकीबाबत’ एवढंच लिहिलं तर तो म्हणतो, रात्री वाचू. ती रात्र येत नाही. विषयातच काय करायचंय आणि कधीपर्यंत हे असलं की पत्र उघडण्याआधीच त्याला कळतं, हे एका मिनिटाचं काम आहे.

दुसरी, ‘जमणारे सर्व आकडे लिहा’ हे वाक्य. पुष्कळ जण इथे चुकतात आणि विचारतात, आपली पसंती कळवा. पसंती आणि जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा दहा जणांना पसंती विचारली. चौघांनी रविवार सांगितला, तिघांनी गुरुवार, तिघांनी शनिवार. रविवार जिंकला! पण गुरुवारवाले आणि शनिवारवाले सहाही जण रविवारी गावाला जाणार असले तर? येणार चारच. उलट रविवारवाल्या चौघांना आणि गुरुवारवाल्या दोघांना शनिवारही चालला असता, म्हणजे शनिवारी नऊ जण आले असते. हे पसंती विचारून कधीच कळत नाही. आपल्याला आवडता दिवस नको, जास्त खुर्च्या भरणारा दिवस हवा.

तिसरी, तारीख लिहिण्याची रीत. वार, आकडा, महिन्याचं नाव आणि सकाळ-संध्याकाळ हे चारही लिहा. नुसतं ‘५/४’ लिहिलं तर आपण पाच एप्रिल वाचतो, अमेरिकेत राहणारा मुलगा चार मे वाचतो. वार लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. लिहिणाऱ्याने चुकीची तारीख टाकली तर वार जुळत नाही आणि कुणीतरी लगेच विचारतो. परदेशातली वेळ आपणच काढून द्यावी, त्यांच्यावर सोडू नये. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, ते बारमाही तसंच. न्यू जर्सी मात्र उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे आणतात. एप्रिलची बैठक साडेनऊ तासांनी मोजली. डिसेंबरात तोच हिशेब केला तर माणूस एक तास उशिरा येऊन बसेल. वेळ काढून लिहिल्यावर आपल्यालाही दिसतं की तिसरा पर्याय म्हणजे त्याला रात्री एक वाजता उठवणं. तरी तो पर्याय ठेवला, कारण एका माणसासाठी इथल्या पंधरांची सोय काढून घेता येत नाही. फक्त ते आपल्याला माहीत आहे हे त्याला पत्रातून कळलं, याला किंमत आहे.

चौथी जागा नाजूक आहे. ‘उत्तर न आल्यास चालते असे समजू.’ या वाक्यामुळे सचिवाला कुणासाठी थांबून राहावं लागत नाही. पण त्याला मर्यादा आहे. वेळ ठरवण्यापुरतंच गप्प बसणं म्हणजे होकार धरायचं. पैशाच्या, मंजुरीच्या बाबतीत असं कधीही धरू नये. म्हणून शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं की या बैठकीत मतदान नाही. ते नसतं तर दुबईच्या सभासदाला वाटलं असतं, मी उत्तर दिलं नाही तर माझ्या माघारी लाखांचा खर्च पास होईल. मग वेळेच्या पत्राला खर्चाचा वाद चिकटला असता.

पत्र पाठवताना सगळ्यांचे पत्ते ‘Bcc’ च्या रकान्यात घातले आणि ‘To’ मध्ये सोसायटीचाच पत्ता. याने दोन गोष्टी होतात. एक, सभासदांचे पत्ते एकमेकांना उघड होत नाहीत. दोन, कुणी ‘Reply all’ दाबलं तरी ते उत्तर बावीस जणांच्या खोक्यात जाऊन पडत नाही. दोन-तीनदा असं झालं की लोक त्या विषयाची सगळीच पत्रं न वाचता सोडतात. यात तोटा एकच, दुसऱ्यांनी काय कळवलं हे कुणाला दिसत नाही. म्हणून शेवटी आकडे सगळ्यांना जाहीर करायचे.

कुणी विचारेल, आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथेच मत घेता येतं. घ्या ना, जिथे सगळे ग्रुपवर आहेत तिथे अगदी सोयीचं. पण अभियंता आणि ठेकेदार आपल्या ग्रुपवर नाहीत. शिवाय ग्रुपवर सकाळच्या सुविचारांत आणि वाढदिवसाच्या फुलांत ती चौकट दुपारपर्यंत वर निघून जाते. आणखी एक, तिथे आधीचे आकडे दिसतात. पहिल्या पाचांनी रविवार दाबला की सहावा स्वतःचं न बघता रविवारच दाबतो. त्यामुळे ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं, ‘ई-मेल पाठवली आहे, कृपया पाहा.’

पत्र मंगळवारी ८ एप्रिलला सकाळी गेलं. मुदत तीन दिवसांची का? शनिवारी १२ ला चैत्र पौर्णिमा होती. येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा, दुसऱ्या दिवशी चुन्याचे खडे वेचण्याचा मान, आपल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिकडे जातं. सोमवारी १४ ला डॉ. आंबेडकर जयंती. पौर्णिमेआधी उत्तर आलं नाही तर ते १५ तारखेच्या आत येणार नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि तसंही, लांब मुदत दिली म्हणून जास्त उत्तरं येतात असं नाही. लोक उत्तर देतात ते एक तर पत्र पाहिल्याबरोबर, नाही तर मुदत संपत आली की. मधले दिवस रिकामे जातात.

आपल्या पत्राचंही तसंच झालं. ई-मेल बावीस सभासदांना गेली. दोघांकडे ई-मेल नाही, त्यांच्या घरी तोच मजकूर कागदावर छापून वॉचमनच्या हाती दिला आणि खाली १, २, ३ चे चौकोन ठेवले. पहिल्या दिवशी नऊ उत्तरं आली, दुसऱ्या दिवशी चार. गुरुवारी फक्त न कळवलेल्या नऊ जणांना आठवण पाठवली. त्यात ‘अजून आपले उत्तर नाही’ असली तक्रार नाही. तीन वेळा पुन्हा लिहिल्या आणि ‘उद्या रात्री ९ पर्यंत’ एवढंच. आठवणीत वेळा पुन्हा लिहिणं महत्त्वाचं. ‘खालील पत्र पाहावे’ लिहिलं तर तो माणूस खाली जात नाही. सगळ्यांना परत आठवण पाठवू नये हेही तितकंच महत्त्वाचं. ज्याने पहिल्याच दिवशी उत्तर दिलं त्याला वाटतं, माझं पोचलंच नाही की काय. आठवणीनंतर पाच आली. दोन कागदही परत आले. चोवीसपैकी वीस घरं झाली.

आकडे असे होते. गुरुवार रात्र बारा घरांना जमत होती, शनिवार संध्याकाळ सतरा, रविवार सकाळ चौदा, आणि एका घराने शून्य लिहिलं. शनिवार ठरला. अभियंत्यांनाही शनिवारच बरा वाटत होता, कारण रात्री गच्ची दिसत नाही आणि रविवारी साडेदहाला एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पाय ठेववत नाही. साडेपाचला उजेड असतो आणि चटका उतरलेला असतो.

आता शेवटच्या दोन पायऱ्या, ज्या बऱ्याचदा राहून जातात. शनिवारी १२ ला सकाळी नवीन पत्र पाठवलं, विषय ‘पक्के: गच्ची बैठक शनि. १९ एप्रिल संध्या. ५.३०’. जुन्याच पत्राला जोडून पाठवलं तर लोकांना वाटतं अजून विचारणाच चालू आहे. त्यात तिन्ही वेळांचे आकडे दिले, म्हणजे कुणी म्हणू नये की सचिवाने आपल्या सोयीचं ठरवलं. आणि त्याच तासाला अभियंत्यांना फोन करून गुरुवार आणि रविवार मोकळे केले. हे केलं नाही तर पुढच्या खेपेला ते तीन वेळा राखून ठेवणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

दुसरी पायरी म्हणजे पक्कं केलेलं पुन्हा उघडायचं नाही. मंगळवारी एका सभासदांचा फोन आला, शनिवारी साखरपुडा निघालाय, रविवार करता येईल का? मी म्हणालो, भाऊ, तुमचं म्हणणं दोन ओळींत लिहून द्या, मी बैठकीत वाचतो. त्यांनी लिहून दिलं, मी वाचलं, आणि त्यातली पाण्याच्या टाकीखालच्या जागेची सूचना अभियंत्यांनी मान्यही केली. एकासाठी वेळ बदलली की सतरा जणांचा शनिवार मोडतो, आणि रविवार कुणाकुणाला जमेल ते पुन्हा विचारावं लागतं. वेळ बदलायची ती एकाच कारणाने, ज्या चौघांवाचून बैठक होत नाही त्यांच्यापैकी कुणाला अडचण आली तर. तेव्हाही नव्याने विचारायचं नाही. आकडे हातात आहेत, दोन नंबरला असलेला रविवार जाहीर करायचा. आकडे जपून ठेवायचे ते यासाठी.

१९ तारखेला सतरा घरांतून माणसं होती, त्यातली तीन व्हिडिओवर. न्यू जर्सीचे सभासद सकाळी आठला चहाचा कप घेऊन बसले होते. सोमवारी २१ ला सूचना निघाली, २७ च्या विशेष सभेत मंजुरी मिळाली, २९ ला गच्चीवर घण पडला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. यंदा पावसाने मृगाची वाट पाहिली नाही. मे महिन्यातच आपल्या भागात पाऊस सुरू झाला आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचला. तोवर आपला कोबा घालून झाला होता, आणि पाणी भरून तपासायचं काम पावसानेच करून टाकलं. ‘आपणास कधी जमेल’ या पत्राची उत्तरं गोळा करत आणखी दोन आठवडे गेले असते, तर तो पाऊस उघड्या स्लॅबवर पडला असता.

एक सांगून संपवतो. ही रीत सगळीकडे चालत नाही. पाच-सहा माणसंच असतील तर सरळ फोन करा, पत्र लिहीत बसू नका. भांडण मिटवायचं असेल तर वेळ आधी दोन्ही बाजूंकडून तोंडी घ्या. तिथे आकडे लावले तर एक बाजू म्हणते आमच्या गैरसोयीचं मुद्दाम ठरवलं. आणि रीतसर सभेची सूचना ही सूचनाच राहू द्या. बाकी मधलं जे मोठं क्षेत्र आहे, म्हणजे लिफ्टची पाहणी, रंगाचे नमुने, सौर दिव्यांचा विचार, तिथे चौघांना फोन, तीन वेगवेगळ्या वेळा, तीन दिवसांची मुदत आणि आकड्यांत उत्तर एवढं पुरतं. पत्राचा नमुना आणि तो कागदी चौकोनांचा तक्ता ऑफिसातल्या ‘बैठका’ या फाईलमध्ये पहिल्याच पानावर लावलेला आहे. पुढच्या सचिवांनी तारखा बदलून वापरावा.